एक अक्षर जास्त

"चूक काढा म्हणजे झालं," जोतीअण्णा म्हणाले आणि चौघडी केलेला कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही बघा. छंदाची काळजी करू नगासा, छंद मी मोजलाय."

बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. शिक्षक-खोलीच्या खुर्च्यांना नुकताच रंग दिला होता आणि त्यांचे कपडे तेलकट होते, म्हणून ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सहकारी साखर कारखान्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागून मला जेमतेम सात महिने झाले होते. जोतिराम कुंभार, म्हणजे जोतीअण्णा, कारखान्याच्या बॉयलरवर अटेंडंट होते. तीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला होता आणि त्या हंगामाच्या शेवटी ते निवृत्त होणार होते. चार मार्चला सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम होता. त्यात त्यांना उत्कृष्ट कामगार म्हणून शाल-श्रीफळ मिळणार होतं, आणि त्यांनी नव्या शिकाऊ पोरांसाठी लिहिलेली उपदेशाची कविता बॉयलर हाऊसच्या भिंतीवर रंगवून कायमची लावायची असं ठरलं होतं. कामगार अधिकारी सावर्डेकर साहेबांनीच अण्णांना माझ्याकडे पाठवलं होतं.

कागद उघडून मी वाचू लागले.

तरुणांनो ऐका । उपदेश माझा ।
ठेवा मनी ताजा । सर्वकाळ ॥

आळस हा वैरी । दूर त्याला सारा ।
शिस्तीचा सहारा । धरा नित्य ॥

सावध जो राही । त्यासी नाही भय ।
त्याचा होई जय । सत्य जाणा ॥

जोती म्हणे करा । कर्तव्याची पूजा ।
मार्ग नाही दुजा । कल्याणाचा ॥

मी अक्षरं मोजली. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जागच्या जागी. कॉलेजात अभंगाच्या छंदावर मी टिपणं काढली होती, पण इतका बिनचूक अभंग रचणं मला जमलं नसतं.

"अण्णा, यात चूक एकही नाही," मी म्हणाले.

ते खुश झाले. "चाळीस वर्षं भजनात टाळ धरतोय. कान सांगतो की."

मी कागद परत दिला. मला तो आवडला नव्हता, पण का आवडला नाही ते सांगता येत नव्हतं. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला ते सांगायची माझी टापही नव्हती.

ते सांगितलं शिकाऊ पोरांनी. सावर्डेकर साहेबांनी ठरवलं, की कार्यक्रमात बारा शिकाऊंनी ही कविता एका सुरात म्हणायची आणि ती मी बसवून घ्यायची. शनिवारी दुपारी कॅन्टीनच्या मागच्या खोलीत पोरं जमली. सतरा-अठरा वर्षांची, नुकतीच मिसरूड फुटलेली. त्यांनी दोनदा कविता म्हटली आणि तिसऱ्या वेळी कुणीतरी मागून सूर लावला, "चहा आला थंड, सत्य जाणा!" सगळी खोली हसली. त्यानंतर आठवडाभर कारखान्यात 'सत्य जाणा' हे पालुपदच होऊन बसलं. कुणाची सायकल पंक्चर झाली, सत्य जाणा. भाजीत मीठ नाही, सत्य जाणा.

त्या शनिवारी खोलीतच मी रागावले होते. तेव्हा उद्धव नावाचा एक शिकाऊ उभा राहिला. टवाळखोर नव्हता तो, उलट थोडा लाजराच होता. म्हणाला, "बाई, तसं न्हाई. पण यात शिकाऊच्या जागी शाळेची पोरं घाला, न्हाईतर मिल्ट्रीतली घाला. कविता तशीच ऱ्हाती. मग आमच्यासाठी काय लिहिलंय यात?"



सोमवारी मी अण्णांना गाठलं. पोरांच्या टवाळीचं बोलले नाही, पण ते त्यांच्या कानावर गेलंच असावं. मी एवढंच विचारलं, "अण्णा, तुमच्या कवितेत बॉयलर कुठं आहे?"

 "बॉयलर कवितेत घालतात व्हय?"

"का नाही घालायचा?"

"मग बघायला पायजे तुम्ही. चला."

बॉयलर हाऊसमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. गरम राखेचा आणि उसाच्या चोथ्याचा वास नाकात बसला. चोथ्याला तिथं बगॅस म्हणतात, आणि तोच भट्टीत जाळतात. आवाज एवढा, की अण्णांना माझ्या कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. लोखंडी जिना चढून ते मला एका उभ्या काचनळीपाशी घेऊन गेले. हातभर लांब, बोटभर रुंद. आत निम्म्यापर्यंत पाणी उभं होतं, अगदी संथ.

"ही पाण्याची काच," अण्णा ओरडले. "बॉयलरच्या पोटात पाणी किती हाय ते हिच्यात दिसतं. पोटात डोकावता येत न्हाई, म्हणून हिच्यावर भरवसा. पाणी कमी पडलं की बॉयलरच्या आतल्या लोखंडी नळ्या तापून लाल होतात आन फाटतात. म्हणून पाळी सुरू झाली की पहिलं काम हिला धुवायचं."

"धुवायचं म्हणजे?"

त्यांनी काचेखालची तोटी फिरवली. फस्सकन वाफ आणि पाणी खाली सुटलं, मी दचकून मागे सरले. काच रिकामी झाली. त्यांनी तोटी बंद केली, आणि पापणी लवायच्या आत पाणी उसळून पुन्हा निम्म्यावर आलं.

"आता खरं," ते म्हणाले.

"आधीचं खोटं होतं?"

"खरंच होतं. पण धुतल्याबिगर कळत न्हाई. काचेला दोन वाटा. वरून वाफेची, खालून पाण्याची. खालच्या वाटेत गाळ बसला तर आतलं पाणी काचेत येत न्हाई. वरची वाफ थंड होऊन तिचंच पाणी काचेत साठत जातं. काच भरलेली दिसती आन पोट रिकामं."

ते हे सगळं सांगत असताना मी त्यांच्या हातांकडे बघत होते. तोटीवर बोटं ठेवायची त्यांची एक खास पद्धत होती, आजारी माणसाची नाडी बघावी तशी.

"अण्णा, हे लिहा," मी म्हणाले. "हेच लिहा."

चार दिवसांनी ते दुसरी कविता घेऊन आले. आता तिच्यात काच होती, तोटी होती, गाळ होता. 'पाळीच्या आरंभी, काच नित्य धुवा' असं काहीसं. पहिलीपेक्षा पुष्कळ बरी. पण शेवटी पुन्हा तेच, सावध जो राही, त्यासी नाही भय. मी ते कडवं काढा म्हणाले.

"का? बोध नको?"

"बोध हवा. पण अण्णा, हा बोध सांगणारा माणूस कुठं उभा आहे ते दिसत नाही. जिन्यावर उभं राहून कुणीतरी खाली हुकूम सोडतोय, असं वाटतं. तुम्ही दुसऱ्याला काच धुवायला सांगता, पण ती धुवायची असते हे तुम्हाला कशानं पटलं? कुणी शिकवलं म्हणून, की काही घडलं म्हणून?"

"शिकवलं की. पुस्तकातच लिहिलेलं असतं."

"मग पोरांनाही पुस्तकच पुरे. तुमची कविता कशाला?"

हे मी जरा जोरातच बोलले. चोविसाव्या वर्षी माणूस बरोबर असला की त्याला फार जोर चढतो. अण्णांच्या चेहऱ्यावरचं सगळं मिटल्यासारखं झालं.

"तुम्ही कधी विसरलात का, अण्णा? एखाद्या वेळी धुवायची राहिली का?" मी विचारलं. खरं सांगायचं तर सहज विचारलं. त्यातून कवितेला एखादा प्रसंग मिळेल, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "राहू द्या, बाई. पहिली हाय तीच भिंतीवर लावू. साहेबांना पसंत हाय," असं म्हणून ते निघून गेले.

पुढचे आठ दिवस अण्णा फिरकले नाहीत. बाजारात दिसले तर मान खाली घालून निघून जायचे. आपण म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला, याची मला टोचणी लागली. सावर्डेकर साहेबांनी पहिली कविता रंगाऱ्याकडे पाठवायची तयारीही केली.

एक मार्चला शाळा सुटल्यावर मी वर्गातच वह्या तपासत बसले होते. अण्णा आत आले आणि या वेळी न सांगता समोरच्या बाकावर बसले. खिशातून कागद काढला. पाळीच्या नोंदवहीचं पान होतं ते, वेळ, वाफेचा दाब, पाणी असे रकाने छापलेलं. त्याच्या पाठीमागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं.

"वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं नको."

बाराच्या पाळीला । काच होती शांत ।
मी तसा निवांत । बसलो रे ॥

अर्धी काच पाणी । डोळ्यांना दिसले ।
म्हणून लिहिले । तपासली ॥

खालचे ते छिद्र । गाळाने बुजले ।
पाणी जे दिसले । खोटे होते ॥

वाफ जी सुटली । चूक माझी होती ।
बाबालाल हाती । भाजला रे ॥

दोष गेला त्याच्या । नावावर सारा ।
मला हा निवारा । सतरा वर्षे ॥

जोती म्हणे पोरा । काचेला विचार ।
खालचे ते दार । उघडून ॥

मी दोनदा वाचलं. बाबालाल कोण ते मला ठाऊक होतं. बाबालाल मुजावर ऊस यार्डात बैलगाड्यांना नंबर द्यायचे. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे.

"चौऱ्याहत्तर सालची गोष्ट," अण्णा बोलू लागले. ते माझ्याकडे बघत नव्हते, फळ्याकडे बघत होते. "मी बाराच्या पाळीला आलो. आदल्या दिवशी गावात कुस्त्या झाल्या होत्या, त्याच गप्पा चाललेल्या. काचेकडं बघितलं, निम्मी हाय. वहीत लिहिलं, काच तपासली. तोटीला हातच लावला न्हाई. दोनच्या सुमाराला काच वाढलेली दिसली, म्हणून मी पाणी कमी केलं. बगॅसवर बाबालाल होता. तीनला नळी फाटली. तो भट्टीच्या दारासमोर होता. डावा हात पार खांद्यापर्यंत..."

ते थांबले. मग बाकावरची धूळ तळव्यानं पुसत पुढे बोलू लागले.

"चौकशी झाली. वहीत तर लिहिलेलं, बाराला काच तपासली, बरोबर होती. मग काच मागनं कधीतरी बुजली असणार, असं ठरलं. आन नळी एवढ्या लवकर कशी गेली? तर बाबालालनं बगॅस जास्त रेटला, आच भडकवली. तो अटेंडंटच्या परीक्षेचा अभ्यास करत होता, बाई. पुस्तकं माझीच होती. चौकशीनंतर त्याला बॉयलरवरनं हलवलं, यार्डात टाकलं. परीक्षेला बसायची परवानगी पण न्हाई मिळाली. आन मला काय, मला कुणी काय विचारलंच न्हाई."

बाहेर पोरं कबड्डी खेळत होती, त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"त्या दिवसापास्नं एक पाळी अशी न्हाई, की मी काच धुतली न्हाई," ते म्हणाले. "लोक म्हणतात, जोतीअण्णा लई सावध माणूस." मग एकदम विचारलं, "छंद बघितला का?"

मी बघितला होता. सगळं जागच्या जागी होतं, एक सोडून. शेवटून दुसऱ्या कडव्याचा चौथा चरण. "सतरा वर्षे. एक अक्षर जास्त होतंय, अण्णा."

"मोजलंय मी," ते म्हणाले. "लई उलटापालटा केला. चार अक्षरांत बसत न्हाईत. आता वर्षं कमी करू का?"

मी पेन खाली ठेवलं.

आणि मग मला एकदम भीती वाटली. ही कविता चार मार्चला, संचालक मंडळासमोर, शिकाऊंसमोर वाचली गेली तर काय होईल ते डोळ्यापुढे आलं. निवृत्तीला दोन महिने राहिलेला माणूस. हे आपणच उकरून काढलं. मी म्हणाले, "अण्णा, नाव न घेताही लिहिता येईल. एक कामगार, एक बॉयलर, असं."

"तुम्हीच म्हणाला होता, सांगणारा कुठं उभा हाय ते दिसत न्हाई."

"म्हणाले होते. पण बाबालालना हे विचारलंय का तुम्ही? त्यांचं नाव घेऊन तुम्ही मंडपात वाचणार, आणि ते मागे उभे राहून पहिल्यांदा ऐकणार? ते बरोबर होईल?"

हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. शंभर माणसांसमोर उभं राहायची त्यांची तयारी झाली होती. एका माणसासमोर जायची नव्हती.

कागदाची घडी घालून ते म्हणाले, "तुम्ही याल संगं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ऊस यार्डात गेलो. शे-दीडशे बैलगाड्या रांगेत उभ्या होत्या. बाबालाल एका पत्र्याच्या शेडखाली स्टुलावर बसून डबा खात होते. आम्हाला बघून त्यांनी झाकण लावलं.

"काय जोती, इकडं कसा? आन बाई पण?"

अण्णांनी बसायला जागा शोधली नाही. उभ्या उभ्याच कागद काढला आणि वाचायला लागले. सवयीनं चाल लागली, पहिलं कडवं भजनातल्यासारखं गाऊन म्हटलं, मग चाल सुटली आणि ते नुसतं वाचत राहिले. 'बाबालाल हाती' पासून पुढचं त्यांनी जवळजवळ पुटपुटतच संपवलं.

बाबालालनी डब्याच्या झाकणावर ताल धरल्यासारखी दोन बोटं ठेवली होती. ती तशीच राहिली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"तू तोटीला हात लावला न्हाईस, ते मी बघितलं होतं."

अण्णांनी मान वर केली.

"बगॅसच्या ढिगापाशी होतो मी. वर बघितलं, तू वही लिहीत होतास. म्हटलं, आत्ता धुईल, मग धुईल."

"मग चौकशीत का बोलला न्हाईस, लेका?"

"मला विचारलं, बगॅस किती टाकलास. काच कुणी बघितली, ते मला कुणी विचारलंच न्हाई. आन तू शेजारी बसला होतास की. म्हटलं, हा सांगंल." बाबालाल शांतपणे बोलत होते, पावसापाण्याचं बोलावं तसं. "आज सांगंल, उद्या सांगंल. माझ्या पोरीच्या लग्नाला आलास, तवा वाटलं आज सांगतोय. मग एक दिवस वाट बघायचं सोडून दिलं."

अण्णा मटकन खाली मातीत बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंडाला लावली. मला तिथं उभं राहणं कठीण झालं. मी गाड्यांकडे बघत राहिले. एक बैल शेजारच्या गाडीतला ऊस ओढून खात होता आणि गाडीवान त्याला दटावत होता.

थोड्या वेळानं बाबालालनी आपला तांब्या पुढे केला. "पाणी पी." अण्णा प्यायले.

"परवा वाचू का?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी वाचणार असशील तर वाचू नगंस," बाबालाल म्हणाले. "माझं जे व्हायचं ते होऊन गेलं. त्या पोरांसाठी वाचणार असशील तर वाच." मग माझ्याकडे वळून, किंचित हसून, "बाई, ते 'सत्य जाणा' तेवढं काढलंय न्हवं?"

चार मार्चला सकाळी साखर गोदामासमोर मंडप घातला होता. पोरांनी एका सुरात म्हणायचं रद्द, अण्णा स्वतःच कविता म्हणतील, एवढंच मी साहेबांना कळवलं होतं. सावर्डेकर साहेबांनी जोतीअण्णांचा परिचय करून दिला, तीस वर्षं विनातक्रार सेवा वगैरे. शिकाऊंची रांग पुढेच बसली होती आणि आपापसात खुसुखुसू हसत होती. कधी 'सत्य जाणा' येतंय याचीच ते वाट बघत होते.

अण्णांनी पहिलं कडवं म्हटलं, तेव्हा एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. ही ती कविता नव्हती. दुसऱ्या कडव्याला हसणं थांबलं. चौथ्याला साहेबांनी मुख्य इंजिनिअरकडे बघितलं. 'सतरा वर्षे' म्हणताना अण्णांनी त्या जास्तीच्या अक्षरावर आवाज जरा रेंगाळू दिला. शेवटचं कडवं त्यांनी समोरच्या रांगेकडे बघून, अगदी साध्या आवाजात सांगितलं.

कुणी टाळी वाजवली नाही.  साहेब माइककडे येऊ लागले, आणि त्यांच्या आधी उद्धव उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "काच धुतल्यावर पाणी किती वेळात वर यायला पायजे?"

"लगेच," अण्णा म्हणाले. "उसळून. हळूहळू चढाय लागलं, तर समज खाली अडलंय."

"आन दोन्ही वाटा बुजल्या असतील तर?"

"तर तोटी सोडल्यावर वरून वाफेचा जोर येणार न्हाई. आवाजच सांगंल. ये पाळीला, ऐकवतो."

मग दुसऱ्यानं विचारलं, पाणी खरंच खाली गेलेलं कळलं तर एकदम पाणी सोडायचं का? अण्णा जवळजवळ ओरडलेच, "अजिबात न्हाई! तापल्या नळीवर गार पाणी गेलं तर सगळंच जाईल. आधी आग तोडायची, मग साहेबांना बोलवायचं." तिसऱ्यानं विचारलं. चौथ्यानं विचारलं. सावर्डेकर साहेब माइकशेजारी हात बांधून उभे राहिले, कारण मुख्य इंजिनिअर खुर्चीतून पुढे झुकून ऐकत होते.

शाल आणि नारळ टेबलावरच राहिले. संध्याकाळी अण्णांना ऑफिसात बोलावलं. खोटी नोंद केल्याचा लेखी कबुलीजबाब घेतला, पुरस्कार रद्द केला, ताकीद दिली आणि उरलेले दोन महिने त्यांना बॉयलरवर एकट्यानं पाळी न देता शिकाऊंच्या शिक्षणाला लावलं. मुख्य इंजिनिअरच्या आग्रहामुळे शिक्षा तेवढ्यावर भागली, असं नंतर कळलं. अण्णांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "शाल मिळाली असती तर पांघरता आली नसती," एवढंच ते म्हणाले.

चौऱ्याहत्तर सालची फाइल मात्र पुन्हा उघडली. बाबालालच्या नावापुढचा शेरा पुसायला मे महिना उजाडला. पुढच्या हंगामाला ते बॉयलर हाऊसमध्ये परत आले, पन्नाशीच्या घरातले, शिकाऊ पोरांच्या शेजारी. संध्याकाळी निवृत्त जोतीअण्णा आपली जुनी पुस्तकं घेऊन त्यांच्या घरी जायचे. दोघं ओसरीवर बसून मोठमोठ्यानं भांडत अभ्यास करायचे. दोन वर्षांनी बाबालाल परीक्षेला बसले आणि दुसऱ्या वेळी पास झाले. निवृत्त होईपर्यंत पुढची काही वर्षं त्यांनी बॉयलरच चालवला.

भिंतीवर कोणती कविता लावायची, हा प्रश्न पुरस्कार रद्द झाला त्याच आठवड्यात निघाला. सावर्डेकर साहेबांचं म्हणणं, मंडपात वाचलेली लावायची तर तिच्यातलं बाबालालचं नाव गाळा, कारखान्याच्या भिंतीवर असलं काही बरं दिसत नाही. तिथं 'एक साथी' असं काहीतरी बसवून द्या, असं त्यांनी मला सांगितलं. मी म्हणाले, ज्यांचं नाव आहे त्यांनाच विचारू. बाबालालना बोलावलं.

रंगारी शिडीवर चढून ब्रश हातात घेऊन थांबला होता. रंगाऱ्यानं खडूनं आखलेल्या ओळी बाबालालनी एकेक करून वाचल्या. त्यांच्या डाव्या हाताची बाही, मी पहिल्यांदाच बघत होते, कोपरापर्यंत दुमडलेली होती.

"नाव ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पण पुढं मुजावर लिवा. या कारखान्यात बाबालाल तिघं हायत, लोकांना कळायला नको कुठला ते?"

"मुजावर घातलं तर छंदात बसणार नाही," मी म्हणाले.

बाबालालनी अण्णांकडे बघितलं. अण्णा बोटांवर मोजत होते. दोनदा मोजूनही बसेना, तेव्हा त्यांनी मोजणं सोडलं आणि रंगाऱ्याला वर बघून सांगितलं, "लिव रे. मोठ्या अक्षरात लिव."